चरकाच्या मोटरचा प्रवाह आणि वेव्हलेटचा उंबरठा : कठोर की मृदू, आणि किती उंचीचा?

कोल्हापूरच्या आसपास दिवाळीनंतर गुऱ्हाळे पेटली की ज्या ठिकाणी मापन करायला सहज वाव मिळतो, ते ठिकाण म्हणजे उसाचा चरक. चरकाला दहा अश्वशक्तीची तीन फेजची मोटर असते. चरक रिकामा फिरत असताना ती साधारण ८ अँपिअर प्रवाह घेते, गड्याने मोळी आत सारली की प्रवाह एकदम १२ च्या घरात जातो, आणि ऊस संपला की पुन्हा खाली येतो. मधूनच जास्त ऊस एकदम कोंबला गेला, तर क्षणभर आणखी उंच टोक येते आणि पट्टा घसरतो. या प्रवाहाची नोंद मोटरच्या एका फेजवर क्लॅम्प लावून डेटा लॉगरमध्ये घेता येते. मात्र नोंदीत खऱ्या चढउतारांवर बारीक गोंगाट बसलेला असतो, आणि तो काढताना उड्या व टोके बोथट होऊ नयेत, हा खरा प्रश्न आहे.

सरकती सरासरी घेतली तर गोंगाट कमी होतो, पण उडीचा कडा उताराचा होतो आणि अर्ध्या सेकंदाचे टोक जवळजवळ नाहीसे होते. वेव्हलेटची पद्धत इथे उपयोगी पडते. नोंद वेव्हलेट गुणांकांत मांडायची, तपशील गुणांकांपैकी एका ठरावीक उंबरठ्याखालचे शून्य करायचे, आणि उरलेल्यांवरून नोंद पुन्हा उभी करायची, एवढीच ती पद्धत आहे. उंबरठा किती ठेवायचा आणि तो ओलांडणाऱ्या गुणांकाचे काय करायचे, या दोन निर्णयांवर सगळे अवलंबून असते. नवशिक्यांच्या हातून बहुतेक चुका या दोन निर्णयांची सांगड घालताना होतात, म्हणून या लेखात मी तेवढ्यावरच थांबणार आहे. वेव्हलेटही सगळ्यात साधे, म्हणजे हारचे, घेणार आहे; चौकोनी उड्या असलेल्या नोंदीला ते शोभतेही.

आधी कागदावर : सोळा आकडे

संगणक उघडण्यापूर्वी एकदा हाताने करून पाहणे फायद्याचे ठरते. समजा, मोळी आत जाण्याच्या सुमाराचे हे सोळा आकडे अँपिअरमध्ये मिळाले आहेत, आणि ते दोन-दोनच्या जोड्यांत मांडले आहेत :

८.१ ७.९ | ८.२ ८.० | ७.९ ८.२ | ८.० ८.१ | ८.१ १२.१ | ११.९ १२.२ | १२.० ११.९ | १२.३ ११.८

हारच्या पहिल्या पातळीचा तपशील गुणांक म्हणजे जोडीतील पहिल्या आकड्यातून दुसरा वजा करून येणाऱ्या उत्तराला √२ ने भागणे. त्याच जोडीच्या बेरजेला √२ ने भागले की स्थूल गुणांक मिळतो, आणि पुढची पातळी या स्थूल गुणांकांच्या जोड्यांवरून याच रीतीने काढली जाते. इथे २ ने नव्हे, √२ नेच भागायचे, हे ध्यानात ठेवावे. √२ ने भागल्यामुळे स्वतंत्र गोंगाटाचे प्रमाण विचलन प्रत्येक पातळीवर तेवढेच राहते आणि सगळ्या पातळ्यांना एकच उंबरठा लावता येतो. स्प्रेडशीटवर काम करणारे पुष्कळ जण सवयीने सरासरी काढतात, म्हणजे २ ने भागतात. मग वरच्या पातळ्यांवरचा गोंगाट पायरीपायरीने लहान होत जातो आणि उंबरठ्याचे गणितच बिघडते.

वरच्या जोड्यांचे तपशील गुणांक असे येतात : ०.१४१, ०.१४१, −०.२१२, −०.०७१, −२.८२८, −०.२१२, ०.०७१, ०.३५४. पाचवा गुणांक इतरांच्या तुलनेत अवाढव्य आहे, कारण ८.१ वरून १२.१ वर जाणारी उडी नेमकी त्या जोडीच्या आत पडली आहे. बाकीच्या सातांत गोंगाटाखेरीज काही नाही. ही विभागणीच पद्धतीचा पाया आहे : खरा बदल थोड्या गुणांकांत मोठा होऊन साठतो, आणि गोंगाट सगळ्या गुणांकांत थोडाथोडा पसरलेला राहतो.

गोंगाटाचा अंदाज

आता गोंगाटाचे प्रमाण विचलन, म्हणजे σ, काढायचे आहे. आठही गुणांकांच्या वर्गांची सरासरी काढून तिचे वर्गमूळ घेतले तर १.०२ येते. हा आकडा साफ फसवा आहे, कारण त्यातला जवळजवळ सगळा वाटा त्या एका उडीचा आहे. म्हणून सरासरीऐवजी मध्यक घ्यायचा. गुणांकांची चिन्हे सोडून ते चढत्या क्रमाने लावले की ०.०७१, ०.०७१, ०.१४१, ०.१४१, ०.२१२, ०.२१२, ०.३५४, २.८२८ असे होतात. मधल्या दोघांची सरासरी ०.१७७. उडी ४ अँपिअरची असो की ४० ची, हा मध्यक हलत नाही.

प्रसामान्य वितरणात निम्म्या किमती शून्याच्या दोन्ही बाजूंना ०.६७४५σ च्या आत असतात, म्हणून मध्यकाला ०.६७४५ ने भागले की σ चा अंदाज मिळतो. इथे तो ०.१७७ ÷ ०.६७४५ = ०.२६ येतो. हा अंदाज नेहमी पहिल्या, म्हणजे सर्वांत बारीक, पातळीवरून घेतात. त्याची कारणे दोन आहेत. शेजारच्या दोन नोंदींमध्ये खरा प्रवाह बहुतेक वेळा सारखाच असल्यामुळे त्यांच्या वजाबाकीत जवळपास निव्वळ गोंगाट उरतो. शिवाय या पातळीवर गुणांकांची संख्या सर्वाधिक असते, त्यामुळे मध्यक भरवशाचा निघतो.

उंबरठ्याची उंची

डेव्हिड डोनोहो आणि इयान जॉनस्टन यांनी १९९४ मध्ये मांडलेला सार्वत्रिक उंबरठा असा आहे :

λ = σ √(2 ln N)

यात N म्हणजे नोंदीतील आकड्यांची संख्या. N स्वतंत्र प्रसामान्य गोंगाट-किमतींतली सर्वांत मोठी किंमत N वाढेल तशी √(2 ln N) पट σ च्या जवळपास पोहोचते, म्हणून एवढ्या उंचीचा उंबरठा लावला की निव्वळ गोंगाटाचा गुणांक तो क्वचितच ओलांडतो. आपल्या सोळा आकड्यांसाठी √(2 ln 16) = २.३५, म्हणून λ = ०.६२. आठांपैकी सात गुणांक उंबरठ्याखाली राहिले, आणि एकच वर राहिला.

त्या एकाचे काय करायचे, यावर कठोर आणि मृदू हे दोन मार्ग फुटतात. कठोर रीतीत उंबरठ्यावरचा गुणांक जसाच्या तसा ठेवतात : −२.८२८ हा −२.८२८ च राहतो. मृदू रीतीत उंबरठ्यावरचा प्रत्येक गुणांक λ इतका शून्याकडे सरकवतात : −२.८२८ चा −२.२११ होतो. आता ती एकच जोडी पुन्हा उभी करून पाहू. जोडीची सरासरी १०.१ आहे. कठोर रीतीने ८.१ आणि १२.१ हेच आकडे परत मिळतात. मृदू रीतीने ८.५४ आणि ११.६६ मिळतात. ४ अँपिअरची उडी ३.१३ ची झाली, गेलेले ०.८७ अँपिअर म्हणजे नेमके λ√२. हा प्रकार गोंगाटामुळे झालेला नाही, तो रीतीनेच केलेला आहे, आणि नोंद कितीही स्वच्छ असली तरी उंबरठा तेवढाच असेल तर तेवढाच घडणार.

गोंगाटाचा अंदाज चुकला तर हीच हानी कुठवर जाते, तेही इथेच दिसते. मध्यकाऐवजी तो फसवा १.०२ वापरला असता, तर λ २.३९ झाला असता, आणि मृदू रीतीने ४ अँपिअरची उडी जेमतेम ०.६ अँपिअरची उरली असती.

मग मृदू रीत कोणी का वापरावी?

वरचे वाचून कठोर रीतच बरी, असे वाटेल. तसे सरसकट नाही. १०२४ आकड्यांच्या नोंदीसाठी √(2 ln 1024) = ३.७२ येते. निव्वळ गोंगाटाचा एखादा गुणांक ३.७२σ ओलांडण्याची शक्यता पाच हजारांत एकच्या आसपास आहे, पण गुणांक हजारभर असल्यामुळे साधारण पाचांपैकी एका नोंदीत असा एखादा घुसखोर निघतोच. कठोर रीत त्याला पूर्ण ३.७२σ उंचीसह आत घेते. सपाट भागावर मध्येच एक एकाकी खाच किंवा सुळका उभा राहतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की चरकात काहीतरी अडकले होते. मृदू रीतीत तोच गुणांक λ ने कमी होऊन जवळपास शून्याला टेकतो. शिवाय कठोर रीतीत उंबरठ्याच्या किंचित खालचा गुणांक शून्य आणि किंचित वरचा पूर्ण, असा तुटकपणा असतो. त्यामुळे सारख्याच दिसणाऱ्या दोन नोंदींतून वेगवेगळे निकाल निघू शकतात. मृदू रीतीत हा तुटकपणा नसतो.

मृदू रीतीची किंमत मात्र नीट समजून घ्यावी. मोठ्या, खऱ्या गुणांकावर कठोर रीतीत जी वर्गचूक राहते ती सरासरीने σ² एवढी, म्हणजे त्यात मुळातच असलेल्या गोंगाटाची. मृदू रीतीत तिच्यात λ² ची भर पडते. λ ३.७२σ असेल तर λ² जवळजवळ १४σ² होतो, म्हणजे प्रत्येक खऱ्या गुणांकामागे चूक सुमारे पंधरापट. म्हणून माझे मत असे आहे की सार्वत्रिक उंबरठा कठोर रीतीला शोभतो, आणि मृदू रीत वापरायची असेल तर उंबरठा बराच खाली, निम्म्याच्या आसपास, आणावा. एकच λ काढून तो दोन्ही रीतींना लावायचा आणि कोणती आकृती चांगली दिसते हे पाहायचे, ही तुलना मुळात समान पातळीवरची नसते. आकृती मृदू रीतीचीच गोंडस दिसते, आणि त्या गोंडसपणात टोकांची उंची गेलेली असते.

प्रत्यक्ष नोंद

करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर मी घेतलेल्या नोंदीत सेकंदाला १० आकडे होते. प्रत्येक आकडा १०० मिलिसेकंदांचा, म्हणजे ५० हर्ट्‌झच्या पाच पूर्ण आवर्तनांचा परिणामी प्रवाह होता. पूर्ण आवर्तने घेतली नाहीत तर आकड्यांत विजेच्या वारंवारतेचा हेलकावा मिसळतो, आणि तो हेलकावा गोंगाट नसल्यामुळे उंबरठ्याला जुमानत नाही. एकूण १०२४ आकडे, म्हणजे १०२.४ सेकंद. पायथनमध्ये PyWavelets वापरून काम असे होते :

```python
import numpy as np, pywt

x = np.loadtxt("charak.csv")
W, L, M = "haar", 5, "periodization"

def saaf(x, lam, kind):
    c = pywt.wavedec(x, W, mode=M, level=L)
    d = [c[0]] + [pywt.threshold(v, lam, mode=kind)
                  for v in c[1:]]
    return pywt.waverec(d, W, mode=M)

d1 = pywt.wavedec(x, W, mode=M, level=L)[-1]
sigma = np.median(np.abs(d1)) / 0.6745
lam = sigma * np.sqrt(2 * np.log(len(x)))

hard = saaf(x, lam, "hard")
soft = saaf(x, 0.5 * lam, "soft")
```

यात दोन जागी पाय घसरतो. `wavedec` जी यादी देते तिच्यात सुरुवातीला स्थूल गुणांक, त्यानंतर सर्वांत जाड तपशील आणि शेवटी सर्वांत बारीक तपशील असतो. गोंगाटाचा अंदाज म्हणून `c[-1]` वरून घ्यायचा. `c[1]` वरून घेतला तर तिथे अवघे ३२ गुणांक असतात आणि त्यांतले बरेचसे मोळ्यांच्या चढउतारांचे असतात. दुसरी जागा `c[0]` ची. स्थूल गुणांकांना उंबरठा लावायचा नसतो. चुकून तो मृदू रीतीने लागला, तर पाचव्या पातळीवर प्रत्येक स्थूल गुणांक λ ने कमी होतो आणि सगळी नोंद λ/√३२ एवढी खाली बसते. रिकाम्या चरकाची पातळी साफ केल्यावर दहाएक शतांश अँपिअरने उतरलेली दिसली, तर आधी ही ओळ तपासावी.

पातळ्या पाचच का? पाचव्या पातळीचा ठोकळा ३२ आकड्यांचा, म्हणजे ३.२ सेकंदांचा होतो. एक मोळी चरकातून जायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो, म्हणून मोळीची पूर्ण उंची स्थूल गुणांकांत सुरक्षित राहते.

माझ्या नोंदीत पहिल्या पातळीच्या तपशिलांचा मध्यक ०.१०८ आला. म्हणून σ = ०.१६ अँपिअर आणि λ = ३.७२ × ०.१६ = ०.६० अँपिअर. मोळीच्या ४ अँपिअरच्या लांब पायरीला कोणत्याही रीतीने फारसे काही झाले नाही. मृदू रीतीत फक्त कडेचे दोन-चार आकडे आत झुकले. खरा फरक टोकांवर पडतो. पट्टा घसरण्याआधी येणारे टोक माझ्या नोंदीत दोन आकड्यांचे, म्हणजे ०.२ सेकंदाचे, आणि लगतच्या पातळीहून ३ अँपिअर उंच होते. ते नेमके एका जोडीत बसले आहे असे धरले, तर पहिल्या पातळीवर त्याचा तपशील शून्य असतो, आणि दुसऱ्या ते पाचव्या पातळीवर त्याचे गुणांक ३, २.१२, १.५ आणि १.०६ असे असतात. चारही गुणांक ०.६० च्या वर आहेत, म्हणून कठोर रीतीत टोक तीनचे तीन राहते. मृदू रीतीत प्रत्येक पातळीवर ०.६० ची कात्री लागते, आणि टोकावर तिचा परिणाम अनुक्रमे निम्मा, ०.३५ पट, पाव आणि ०.१८ पट असा साचतो. या पटींची बेरीज १.२८. म्हणून टोक ३ − ०.६० × १.२८ = २.२३ अँपिअर उरते. उंबरठा निम्मा केला तर ते २.६ च्या वर राहते. जितके टोक अरुंद, तितका मृदू रीतीचा कर जास्त, हे यावरून ध्यानात यावे.

निम्म्या उंबरठ्याचीही किंमत असते. १.८६σ हा उंबरठा गोंगाटाचे सुमारे ६ टक्के गुणांक ओलांडतात. ९९२ तपशिलांत साठेक. मृदू रीतीमुळे ते बहुतेक किरकोळ उरतात, त्यामुळे सपाट भागावर हलकी थरथर राहते, पण सुळके क्वचितच उभे राहतात. ही थरथर मला चालते. टोकाची उंची गेलेली मात्र चालत नाही, कारण गुऱ्हाळवाल्याला तीच हवी असते.

साफ झाले की खाल्ले?

साफ केलेल्या आकृतीकडे पाहून निर्णय करू नये. टाकून दिलेल्या भागाकडे पाहावे. `r = x - hard` काढावे आणि त्याची आकृती मूळ नोंदीखाली ठेवावी. गोंगाटच गेला असेल तर r मध्ये कुठेही आकार दिसत नाही, आणि त्याचे प्रमाण विचलन σ च्या जवळ, किंचित कमीच, असते. जिथे मोळी आत गेली किंवा टोक आले, बरोबर तिथेच r मध्ये दाते दिसत असतील, तर उंबरठ्याने खरा प्रवाह खाल्ला आहे. पूर्ण λ घेऊन मृदू रीत चालवून पाहा. प्रत्येक पायरीशी असे दात रांगेत उभे राहतात, आणि एकदा ते पाहिले की पुन्हा कधी नजरेतून सुटत नाहीत.

पहिल्या पातळीचा σ खोटे बोलतो तेव्हा

आता माझी स्वतःची चूक सांगतो. पहिल्या वर्षी घेतलेल्या नोंदीत σ फारच लहान आला, आणि क्लॅम्प उत्तम आहे म्हणून मी खूश झालो. साफ केलेल्या आकृतीत मात्र बारीक थरथर नाहीशी होऊन सेकंद-दोन सेकंदांच्या संथ लाटा राहिल्या होत्या, आणि घसरणाऱ्या पट्ट्याची टोके कुठेच नव्हती. गुऱ्हाळाच्या मालकांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "मास्तर, पट्टा घसरला त्यो आमी डोळ्यानं बघितलाय. तुमच्या कागदावर कसा दिसंना?" ते बरोबर होते. लॉगरच्या सेटिंगमध्ये चार आकड्यांची सरकती सरासरी चालू राहिली होती, आणि मी ती पाहिलीच नव्हती.

तिचा परिणाम मोजून पाहण्यासारखा आहे. चार-चारच्या सरकत्या सरासरीतील शेजारच्या दोन आकड्यांत तीन मूळ नोंदी सामाईक असतात, म्हणून वजाबाकीत त्या उडून जातात आणि पहिल्या पातळीवर गोंगाट मूळच्या एक-चतुर्थांशच दिसतो. वरच्या जाड पातळ्यांवर मात्र तो मूळच्या जवळपास पूर्ण असतो. पहिल्या पातळीवरून काढलेला σ घेऊन केलेला λ मग तिथे चौपट तोकडा पडतो, ३.७२ ऐवजी प्रत्यक्षात ०.९३σ चा उंबरठा लागतो, आणि जाड पातळ्यांवरचे निव्वळ गोंगाटाचे तिसरा हिस्सा गुणांक आत शिरतात. त्याच माझ्या संथ लाटा होत्या. आणि दोन आकड्यांचे ३ अँपिअरचे टोक सरासरीतच १.५ चे झालेले होते. वेव्हलेट त्याला परत आणू शकत नाही.

हे ओळखण्याची साधी खूण अशी : चरक रिकामा फिरत असतानाचा सपाट तुकडा घ्यावा, त्याचे साधे प्रमाण विचलन काढावे, आणि ते मध्यकावरून काढलेल्या σ शी ताडून पाहावे. स्वतंत्र गोंगाटात दोन्ही आकडे जवळजवळ जुळतात. माझ्या त्या नोंदीत साधे प्रमाण विचलन दुप्पट होते. अशी तफावत दिसली तर लॉगरची गुळगुळीत करण्याची सोय बंद करून नोंद पुन्हा घेणे हेच उत्तम. ते शक्य नसेल तर प्रत्येक पातळीला वेगळा σ लावावा लागतो. पण तो मोळ्यांच्या नोंदीवरून काढू नये, कारण जाड पातळ्यांवर गुणांक थोडे आणि त्यांत खऱ्या चढउतारांचा भरणा मोठा, त्यामुळे मध्यकही बिघडतो. मी सकाळी ऊस घालण्यापूर्वी चरक पाच मिनिटे रिकामा फिरवून घेतो आणि त्या नोंदीवरून पाचही पातळ्यांचे σ काढून ठेवतो.

उलट दिशेची एक अडचण उपकरणाच्या पायरीची आहे. लॉगर ०.१ अँपिअरच्या पायऱ्यांनी आकडे देत असेल आणि गोंगाट त्याहून बराच लहान असेल, तर निम्म्याहून जास्त जोड्यांची वजाबाकी शून्य येते. मध्यक शून्य, σ शून्य, λ शून्य, आणि कठोर रीतीत कार्यक्रम कोणतीही तक्रार न करता मूळ नोंद जशीच्या तशी परत देतो. गोंगाट पायरीच्या बरोबरीचा असला तरी मध्यक ०.०७ आणि ०.१४ अशा पायऱ्यांवरच उभा राहतो, म्हणून σ चा अंदाज ०.१० वरून थेट ०.२१ वर उडी मारतो. वरचे सोळा आकडे मी हिशेब सोपा व्हावा म्हणून ०.१ च्या पायरीने घेतले होते. खरी नोंद ०.०१ च्या पायरीने घ्यावी.

उडी जोडीच्या सांध्यावर पडली तर

सोळा आकड्यांतला पहिला आकडा वगळून जोड्या पुन्हा पाडून पाहा. आता उडी आठव्या आणि नवव्या आकड्यांच्या मध्ये, म्हणजे दोनच्या, चारच्या आणि आठच्याही ठोकळ्यांच्या सांध्यावर येते. पहिल्या तीन पातळ्यांवर तिचा मागमूस नसतो. ती एकदम चौथ्या पातळीवर दिसते. म्हणजे नोंद एक-दशांश सेकंद उशिरा सुरू केली, एवढ्यावरून उत्तर बदलते. हारच्या बाबतीत हे फार जाणवते, आणि उड्यांच्या आजूबाजूला खोट्या पायऱ्याही उमटतात. यावर रोनाल्ड कॉयफमन आणि डोनोहो यांनी १९९५ मध्ये सुचवलेला उपाय सरळ आहे : नोंद एकेक आकड्याने सरकवून प्रत्येक वेळी साफ करायची, परत जागेवर आणायची, आणि सगळ्यांची सरासरी घ्यायची. पाच पातळ्यांसाठी ३२ सरकवण्या पुरतात.

```python
def firta(x, lam, kind):
    y = np.zeros(len(x))
    for s in range(32):
        y += np.roll(saaf(np.roll(x, s), lam, kind), -s)
    return y / 32
```

कठोर रीतीचे एकाकी सुळके यात बरेच बसतात, कारण एका सरकवणीत उंबरठा ओलांडणारा गोंगाट बाकीच्यांपैकी बहुतेक सरकवण्यांत खालीच राहतो. त्यामुळे चरकाच्या नोंदीसाठी मी आता पूर्ण λ, कठोर रीत आणि ही फिरती सरासरी, असेच वापरतो. यात एकच पथ्य आहे. `np.roll` शेवटचे आकडे सुरुवातीला आणून जोडते, म्हणून नोंद रिकाम्या चरकावर सुरू झाली असेल तर ती रिकाम्या चरकावरच संपवावी. ती भरल्या चरकावर तोडली, तर सांध्यावर ४ अँपिअरची खोटी उडी तयार होते आणि दोन्ही टोकांचे तीनेक सेकंद बिनभरवशाचे होतात. शेवटची मोळी बाहेर पडेपर्यंत नोंद चालू ठेवावी. अशाने नोंद १०२४ आकड्यांच्या पुढे गेली, तर मी ती ३२ च्या पटीत बसेल तिथे तोडतो, आणि λ मधला N त्याप्रमाणे बदलतो. N दुप्पट झाला तरी ३.७२ चे ३.९० एवढेच होते.